एआय रिपोर्टमधल्या निळसर ओळी

«एआय रिपोर्टमध्ये जी ओळ रंगलेली दिसते ती एआयनेच लिहिलेली असते. प्लॅजरिझम रिपोर्टसारखाच हा पुरावा. कंपनीच सांगते की चूक फक्त 4 टक्के, म्हणजे प्रत्येक रंगलेल्या ओळीबाबत 96 टक्के खात्री. आणि 10 टक्क्यांच्या वर गेलं की यूजीसीच्या नियमाप्रमाणे प्रबंध परत करायचा.»

शिक्षकांच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतो आहे आणि त्यावर विसंबून विद्यार्थ्यांना बोलावलं जातं आहे, म्हणून एकेक विधान घेऊन उत्तर देतो. आपल्याकडे बहुतेकांच्या हाती टर्निटिन या तपासणी सॉफ्टवेअरचा रिपोर्ट येतो, तेव्हा उदाहरण त्याचंच घेतो.

प्लॅजरिझमपासून सुरुवात करू. सिमिलॅरिटी रिपोर्टमध्ये ओळ रंगते तेव्हा तिच्यासोबत मूळ स्रोत दिलेला असतो. तो उघडून दोन्ही मजकूर शेजारी ठेवता येतात. अवतरणचिन्हं राहिली आहेत की खरोखर चोरी आहे, हे आपलं आपल्याला ठरवता येतं. एआय रिपोर्टमधल्या ओळीमागे असं काहीच नसतं आणि असूही शकत नाही, कारण तो मजकूर कुठूनही उचललेला नसतो. शब्दामागून शब्द ज्या पद्धतीने आले आहेत ती पद्धत यंत्राच्या लिखाणाशी किती जुळते, एवढाच तिथे अंदाज असतो. सिमिलॅरिटीचा रिपोर्ट चुकला तर तुम्ही तो स्वतः तपासून चूक दाखवू शकता. एआयचा चुकला तर रिपोर्टच्या आत राहून ती चूक दाखवायला काही मार्ग नाही.

आता मुख्य मुद्दा: वाक्याला रंग येतो कसा? आपण समजतो की यंत्र एकेक वाक्य उचलून तपासतं. तसं होत नाही. मजकुराचे काहीशे शब्दांचे, म्हणजे साधारण पाच ते दहा वाक्यांचे तुकडे पाडले जातात आणि हे तुकडे एकमेकांवर चढलेले असतात. त्यामुळे तेच वाक्य अनेक तुकड्यांत येतं, कधी सुरुवातीला, कधी मध्ये, कधी शेवटी. प्रत्येक वेळी त्याला 0 ते 1 मधला आकडा मिळतो आणि त्यांची सरासरी धरून रंग ठरतो. म्हणजे वाक्याचा रंग त्याच्या शेजाऱ्यांवरही अवलंबून असतो. तेच वाक्य दुसऱ्या परिच्छेदात ठेवलं तर बिनरंगाचं राहू शकेल. एकटं वाक्य तपासायचं म्हटलं तर ही यंत्रणा ते घेतच नाही. किमान 300 शब्दांचा सलग मजकूर लागतो. ज्या वाक्यावर सुटं मत द्यायला यंत्रणा तयार नाही, त्याच सुट्या वाक्यावर बोट ठेवून आपण विद्यार्थ्याला जाब विचारतो.

मग 4 टक्क्यांचं काय? हा आकडा कंपनीने 2023 मध्ये दिला होता, वाक्याच्या पातळीवरच्या चुकीसाठी. चुकीचं प्रमाण म्हणजे माणसाने लिहिलेल्या वाक्यांपैकी किती वाक्यांना रंग चढला. रंगलेल्यांपैकी किती माणसाची, हा वेगळाच प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर प्रत्येक प्रबंधात बदलतं.

हिशेब करून पाहू. समजा एका प्रकरणात 50 वाक्यं आहेत. 40 विद्यार्थिनीने स्वतः लिहिली आणि शेवटच्या भागातली सलग 10 यंत्राकडून घेतली. ती दहाच्या दहा पकडली गेली असं धरू. उरलेल्या 40 चे 4 टक्के म्हणजे 1.6, साधारण दोन वाक्यं. रिपोर्टमध्ये रंगली एकूण 12 आणि त्यातली दोन तिची स्वतःची. म्हणजे सहातलं एक. 96 टक्के खात्री इथेच 83 टक्क्यांवर आली.

ती दोन वाक्यं कुठे असतील हेही कंपनीने सांगितलं होतं. चुकून रंगलेल्या वाक्यांपैकी 54 टक्के खऱ्या यंत्रलिखित मजकुराला अगदी लागून होती आणि आणखी 26 टक्के दोन वाक्यांच्या अंतरावर. तुकडे एकमेकांवर चढलेले असल्यावर हे होणारच. शेजारचा रंग कडेला ओघळतो. म्हणून आमच्या विद्यार्थिनीच्या त्या दहा वाक्यांच्या पट्ट्याआधीचं, तिने स्वतः लिहिलेलं वाक्य बहुधा निळसर दिसेल. आपण नेमकं तेच वाचून दाखवलं आणि ती म्हणाली «हे मीच लिहिलंय», तर ती खरं बोलत असेल. आणि पुढच्या दहांचा प्रश्न तसाच राहील.

म्हणून मी रिपोर्ट वाचताना सुटी वाक्यं बाजूला ठेवतो आणि सलग पट्टे बघतो. दोन-तीन परिच्छेदांचा अखंड पट्टा असेल तर त्याचा मधला भाग विचार करण्याजोगा आहे, कडा नाहीत. एखादंच रंगलेलं वाक्य, तेही संशोधन पद्धतीच्या प्रकरणातलं, मी सोडून देतो. «प्रायमरी डेटा वॉज कलेक्टेड थ्रू अ स्ट्रक्चर्ड क्वेश्चनेअर» हे वाक्य आपल्या प्रत्येक एमबीएच्या प्रबंधात असतं, कारण आपणच ते तसं शिकवलं. पुढचा शब्द आधीच ओळखता येईल असं लिखाण यंत्राच्या लिखाणासारखं दिसतं, मग लिहिणारा कोणीही असो.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी हे फार गंभीर आहे. शब्दसंपत्ती मोजकी, वाक्यरचना पाठ केलेली, त्यामुळे त्यांचं प्रामाणिक इंग्रजीही अपेक्षित वळणाने जातं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2023 मध्ये मातृभाषा इंग्रजी नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले 91 निबंध एआय ओळखणाऱ्या सात डिटेक्टरांतून काढले, तेव्हा सरासरी 61 टक्क्यांवर निबंध यंत्राचे ठरवले गेले. त्या सातांत टर्निटिन नव्हतं, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा इथे लावू नये. पण चूक कोणत्या बाजूला झुकते ते त्यातून दिसतं.

यूजीसीबद्दल थोडक्यात. 10, 40 आणि 60 टक्क्यांचे टप्पे 2018 च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांतले आहेत आणि ते साम्यासाठी आहेत. एआयच्या टक्केवारीला ते लावता येत नाहीत. शिवाय ती टक्केवारी अख्ख्या प्रबंधाचीही नसते. फक्त सलग गद्य मोजलं जातं. तक्ते, मुद्द्यांच्या याद्या आणि संदर्भसूची वगळल्या जातात. तक्त्यांनी भरलेल्या प्रबंधात 30 टक्के म्हणजे प्रत्यक्षात मोजकीच पानं असू शकतात. 20 टक्क्यांच्या खाली तर कंपनी स्वतःच आकडाही दाखवत नाही आणि रंगही नाही, कारण तिथे चुकीची शक्यता वाढते.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. बिनरंगाची ओळ विद्यार्थ्याची स्वतःचीच असते असं नाही. निर्दोष माणसावर ठपका येऊ नये म्हणून काही यंत्रलिखित मजकूर सुटू देणं कंपनीने मान्य केलेलं आहे.

पट्टा मोठा असेल तर मी विद्यार्थिनीला रिपोर्ट न दाखवता बोलावतो. त्या प्रकरणाची गूगल डॉक्समधली व्हर्जन हिस्टरी किंवा जुने मसुदे आणायला सांगतो. पट्ट्याच्या मधल्या परिच्छेदातला एखादा निष्कर्ष घेऊन विचारतो, हा कोणत्या तक्त्यावरून काढलास? लिहिणारी व्यक्ती तक्ता काढून बोट ठेवते, इंग्रजी अडखळलं तरी. जिने लिहिलेलं नाही तिला तो तक्ता शोधावा लागतो, आणि पुष्कळदा तसा तक्ता प्रबंधात नसतोच.