घोरणाऱ्या पतीने एकच पलंग कसा टिकवावा

लग्नाला पंचवीस-तीस वर्षे झाली असतील आणि रात्री आपल्या नाकातोंडातून आवाज येतो अशी तक्रार घरात सुरू झाली असेल, तर सर्वप्रथम एक गोष्ट मनाशी पक्की करावी: आपण घोरत नाही. घटनास्थळी रात्रभर हजर राहूनही ज्याने काहीही ऐकलेले नसते असा घोरणारा हा एकमेव साक्षीदार असल्यामुळे त्याच्याइतके निःपक्षपाती मत दुसऱ्या कोणाचे असणार? पत्नीने मोबाइलवर केलेले ध्वनिमुद्रण ऐकवलेच, तर तो आवाज पंख्याचा आहे असे शांतपणे सांगावे. पंखा बंद होता असे उत्तर आले, तर विषय बदलावा. हे धोरण मी स्वतः अकरा वर्षे राबवले आहे, त्यामुळे अनुभवाने सांगतो.

पुढची पायरी झोपण्याच्या पद्धतीची. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, हवेची वाट अरुंद होते आणि त्या वाटेतली मऊ टाळू व पडजीभ श्वासाबरोबर थरथरू लागतात. त्यातून जो नाद उमटतो त्याला अडाणी लोक घोरणे म्हणतात. उताणे झोपल्यास जीभही मागे घसरते आणि नाद भरदार होतो, तर कुशीवर वळल्यास अनेकांचा आवाज बराच उतरतो. म्हणून स्वाभिमानी पुरुषाने नेहमी उताणेच झोपावे. माझ्या सौभाग्यवतीने एकदा माझ्या सदऱ्याला पाठीमागे खिसा शिवून त्यात चेंडू घातला होता. हा उपाय जुना आहे आणि पुष्कळांना लागूही पडतो, एवढ्यासाठीच मी तो सदरा दुसऱ्या दिवशी धुवायला टाकला.

वेळापत्रकाकडेही दुर्लक्ष करू नये. आमच्याकडे ती दहाला झोपते आणि मी मुळात मध्यरात्रीचा माणूस. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यातच पदरात पडतो, त्यामुळे सहाला उठणाऱ्या माणसाच्या बाबतीत साडेअकरा ही खोलीत शिरण्याची उत्तम वेळ होय. दिवा लावावा, कपाटाचे दार ओढावे आणि हळूच विचारावे, “झोपलीस का?”

इतके करूनही तिने वेगळ्या खोलीचा विषय काढलाच, तर त्याला थेट प्रेमाच्या शेवटाचे नाव द्यावे. एक पलंग म्हणजेच संसार, हे वाक्य अशा वेळी फार उपयोगी पडते, कारण ते म्हणणारा सहसा चांगला झोपलेला असतो. शास्त्राचा आधारही घ्यावा. जर्मनीतील कील येथे १२ तरुण, निरोगी जोडप्यांच्या झोपेची नोंद घेण्यात आली होती; ती जोडपी एकत्र झोपली तेव्हा त्यांची स्वप्नांची झोप वाढलेली आणि कमी खंडित झालेली आढळली. २०२० साली प्रसिद्ध झालेले हे निष्कर्ष मी घरात मोठ्याने वाचून दाखवले. तिने एवढेच विचारले, “अहो, त्यांतले कोणी घोरत होते का?” अशा प्रश्नांना उत्तर देण्याची आवश्यकता नसते.

मात्र एक जुना अभ्यास तिच्या हाती लागू देऊ नये. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १० जोडप्यांपैकी घोरणाऱ्यांना अर्धी रात्र तसेच झोपू दिले आणि उरलेल्या रात्री श्वासाचे यंत्र लावले. शेजारी झोपलेल्या जोडीदारांची झोप लगेच सुधारली, आणि हिशेब मांडल्यावर ती रात्रीमागे ६२ मिनिटांनी जास्त भरली. वर्षभराचा गुणाकार केला, तर आपल्या एकत्र पलंगासाठी पत्नी दरवर्षी अखंड पंधरा दिवस जागते असा अर्थ निघतो. हा गुणाकार आपण करू नये. तिनेही केला नसेल, अशी आशा बाळगावी.

एवढी तटबंदी करूनही एके दिवशी पलंग फुटतोच. त्या वेळी सर्वांत महत्त्वाची खबरदारी अशी, की याबद्दल दिवसाउजेडी एक अक्षरही बोलू नये. खोल्या वेगळ्या व्हायच्या असतील, तर त्या रात्री दोन वाजता, उशी काखोटीला मारून आणि दार जरा जोरात लोटूनच व्हाव्यात. जी जोडपी जागेपणी बसून ठरवतात, झोपण्याआधीचा वेळ एकत्र काढतात आणि मग आपापल्या खोलीत जातात, त्यांच्यात दुरावा येण्याची शक्यता फारच कमी असते आणि नातेवाइकांना बोलायला काही उरत नाही. आमच्याकडे एकोणीस महिने अबोल व्यवस्था चालली. तिची झोप सुधारली, चेहरा टवटवीत झाला. पतीच्या दृष्टीने हे अपमानास्पदच होते. माझे काय गेले, असे विचाराल, तर फक्त दिवा मालवल्यानंतरची पंधरा-वीस मिनिटे गेली. लवकर अंथरुणावर पडण्याचा योग यायचा त्या दिवशी ती अंधारात छताकडे पाहत दिवसभराचे सांगायची आणि मी मध्ये मध्ये हुंकार भरायचो. उजेडात तेच बोलणे विजेच्या बिलापलीकडे जात नाही, हे मला उशिरा कळले.

वेगळ्या खोलीचा दुसरा तोटा मात्र खरोखर लपवण्यासारखा आहे: साक्षीदार निघून जातो. सकाळी डोके जड असायचे, दुपारी वर्तमानपत्र हातातून गळायचे, रक्तदाब औषधाला जुमानत नव्हता, आणि या सगळ्याचे खापर मी वयावर फोडून मोकळा झालो होतो. मग एका लग्नाला गेलो असता आम्हाला एकच खोली मिळाली. रात्री तिला माझ्या आवाजाने नव्हे, आवाज थांबल्याने जाग आली. छाती हलत होती, पण श्वासाचा आवाज नव्हता. तिने घड्याळाच्या काट्याकडे पाहत मोजले: सव्वीस सेकंद. मग गुदमरल्यासारखा एक मोठा हिसका आणि पुन्हा घोरणे. तासाभरात हे इतक्या वेळा झाले, की ती मोजायचे विसरली आणि मला हलवून म्हणाली, “अहो, तुम्ही श्वासच घेत नव्हतात.”

डॉक्टरांच्या सुरुवातीच्याच प्रश्नांत एक होता: झोपेत श्वास थांबताना कोणी पाहिले आहे का? मी नेहमीप्रमाणे “नाही” म्हणणार होतो, पण ती शेजारी बसली होती. रात्रभराच्या तपासणीत किमान दहा सेकंदांचे अडथळे मोजतात. तासाला पाचपेक्षा कमी असतील तर चिंता नाही, तिसाच्या वर गेले तर आजार तीव्र समजतात. माझे चौतीस निघाले. निव्वळ घोरणे आणि स्लीप ॲप्निया यांतला फरक त्या मधल्या शांततेत असतो, आणि ती शांतता भिंतीपलीकडे ऐकू जात नाही. आवाज बंद झाला म्हणून सुखावणाऱ्या शेजारच्या खोलीला तर मुळीच नाही.

आता माझ्या उशाशी हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारे सीपॅप यंत्र असते. पहिला पंधरवडा मास्क नाकावर नीट बसेना, कडेने हवा फुसफुसायची आणि सकाळी तो उशीखाली सापडायचा. पट्टे सैल करून आणि छोटा मास्क बदलून घेतल्यावर जमले. घोरणे थांबले, तरी ती तिच्याच खोलीत झोपते, कारण माझे साडेअकरा काही दहा झालेले नाहीत. ती दहाला पलंगाच्या कडेवर येऊन बसते, दिवा मालवते आणि सांगू लागते. अर्ध्या तासाने जाताना दोन्ही दारे अर्धवट उघडी ठेवते, यंत्राची घरघर ऐकू यावी म्हणून.

वाचकांनी यातून गैरसमज करून घेऊ नये. मी तेव्हाही घोरत नव्हतो.