२२ टक्के कंपनीचे, घरी येणारे पैसे वेगळे

"प्रायव्हेट लिमिटेडला टॅक्स फक्त २२ टक्के, आपल्याला ३० टक्के. म्हणजे दर शंभर रुपयांमागे आठ रुपये आपण फुकट घालवतोय. भागीदारीत तर फर्मला टॅक्सच नसतो, सगळा भागीदारांच्या डोक्यावर येतो. कंपनी करा, नफा तिच्यातच ठेवा आणि लागेल तसा उचला."

नऱ्हे-धायरी पट्ट्यातल्या वर्कशॉपवाल्यांच्या ग्रुपवर हा मेसेज गेला महिनाभर फिरतोय. माझ्याकडे हिशेबाला येणाऱ्या तिघांनी तो वाचून कंपनी नोंदवायची तयारी सुरू केली, म्हणून सविस्तर लिहितो. आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आणि नव्या कर प्रणालीचे आहेत.

पहिली चूक दरातच आहे. कंपनीच्या २२ टक्क्यांवर १० टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर चढतो, तेव्हा खरा दर २५.१६८ टक्के होतो. तोही आपोआप मिळत नाही, मुदतीत फॉर्म १०-आयसी भरावा लागतो. तो राहिला तर छोट्या कंपनीला उपकर धरून २६ टक्के. उलट एकट्या मालकाला ३० टक्के दर लागतो तो २४ लाखांच्या वरच्या रकमेवर, सगळ्या नफ्यावर नाही.

एक उदाहरण धरू. सीएनसी जॉबवर्क करणारा एकटा मालक, बँकेचे व्याज आणि घसारा वजा जाता नफा ३० लाख. पहिल्या २४ लाखांवर कर ३ लाख, वरच्या ६ लाखांवर १ लाख ८० हजार, उपकरासह एकूण ४,९९,२०० रुपये. म्हणजे नफ्याच्या साधारण १६.६ टक्के. ज्याला ३० टक्के जातात असे वाटत होते, त्याचे प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास जातात, आणि उरलेले २५ लाख त्याच्या खात्यात असतात. त्यावर पुन्हा कुणी कर मागत नाही.

आता तोच धंदा कंपनीत घाला आणि नफा लाभांश म्हणून घरी आणा. कंपनी आधी ७,५५,०४० रुपये भरेल. उरलेले २२,४४,९६० मालकाच्या हातात येताना त्याच्या स्लॅबप्रमाणे पुन्हा कर लागेल, कारण एप्रिल २०२० पासून लाभांश घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरला जातो. तो सुमारे २,७१,७००. दोन्ही मिळून १० लाख २६ हजारांच्या वर, म्हणजे आधीच्या दुपटीहून जास्त. मेसेजमधले आठ रुपये वाचणे इथेच संपते.

यावर लगेच कुणीतरी म्हणेल, लाभांश कशाला, पगार घ्या. बरोबर आहे, कंपनीचा खरा उपयोग पगारातच आहे, कारण पगार कंपनीच्या नफ्यातून वजा होतो आणि कर एकदाच लागतो. याच मालकाने २४ लाख पगार घेतला आणि ६ लाख कंपनीत ठेवले, तर कंपनीचा कर १,५१,००८ आणि पगारावरची प्रमाणित वजावट धरून त्याचा स्वतःचा २,९२,५००, मिळून ४,४३,५०८. बचत ५५,६९२ रुपये. पण उलाढाल कितीही लहान असो, कंपनीला दरवर्षी वैधानिक ऑडिट करावेच लागते. वार्षिक विवरणपत्रे उशिरा गेली तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये जातात. शिवाय ते कंपनीत अडकलेले साडेचार लाख पुढे लाभांश म्हणून काढले, तर त्यावर आणखी सुमारे १ लाख ३६ हजार कर लागतो. मग बचत तर जातेच, वर ८० हजारांचा तोटा पदरात पडतो.

"लागेल तसा उचला" हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटते. मालकी धंद्यात चालू खात्यातून मुलीची फी भरली तर ती फक्त उचल असते. कंपनीत तसे नाही. दहा टक्के किंवा जास्त मतदान हक्क असलेल्या भागधारकाला प्रायव्हेट कंपनीने उसने दिले, की साठलेल्या नफ्याच्या मर्यादेपर्यंत ती रक्कम मानीव लाभांश समजून त्याच्या उत्पन्नात धरतात. कलम २(२२)(ई). नंतर परत केली तरी सुटका होईलच असे नाही. माझ्या पाहण्यातल्या एका कारखानदाराने फ्लॅटच्या पहिल्या हप्त्यासाठी कंपनीतून पैसे घेतले, वर्षाच्या आत फेडलेही, आणि तरी पुढे त्यावर कर भरावा लागला. ताळेबंदात 'संचालकांना दिलेली कर्जे व आगाऊ रक्कम' या ओळीत आकडा दिसला, की तपासणारा पहिला प्रश्न तिथूनच विचारतो.

भागीदारीबद्दलचे विधान तर परदेशातल्या नियमावरून उचललेले दिसते. आपल्याकडे फर्म स्वतः कर भरते, सरळ ३० टक्के आणि उपकर मिळून ३१.२ टक्के. एलएलपीलाही हेच. मात्र कर भरून उरलेला नफा भागीदारांच्या हातात करमुक्त असतो. भागीदारांचा पगार आणि भांडवलावरचे १२ टक्क्यांपर्यंतचे व्याज फर्मच्या नफ्यातून वजा होऊन त्यांच्या स्लॅबमध्ये जाते. पगाराला मर्यादा आहे: पहिल्या ६ लाखांवर ९० टक्के, पुढच्या नफ्यावर ६० टक्के. दोन कामकरी भागीदार आणि ३० लाख नफा असेल, तर १९,८०,००० पगार वजा होतो. फर्मचा कर ३,१८,२४०. प्रत्येकाला पगाराचे ९,९०,००० मिळतात, आणि दुसरे उत्पन्न नसेल तर १२ लाखांच्या आतल्या सवलतीमुळे त्यावर कर शून्य. हे सगळे भागीदारी करारपत्रात लिहिलेले असेल तरच. जुन्या करारात पगाराचा उल्लेखच नाही अशा फर्म मी दरवर्षी पाहतो, आणि त्या पूर्ण नफ्यावर ३१.२ टक्के भरतात. एप्रिल २०२५ पासून वर्षाला २०,००० च्या वर पगार-व्याज दिले तर फर्मने १० टक्के टीडीएसही कापायचा आहे.

तेच दोघे संचालक होऊन प्रत्येकी पावणेतेरा लाख पगार घेतील, तर प्रमाणित वजावटीमुळे त्यांचा कर शून्य आणि कंपनीचा १,१३,२५६. हो, इथे कंपनी फर्मपेक्षा स्वस्त पडते, आणि तेही पगारामुळेच. फक्त तो पगार कामाच्या मानाने वाजवी हवा. दुसरी संचालक पत्नी असेल आणि तिच्याकडे त्या कामाचे तांत्रिक किंवा व्यावसायिक ज्ञान नसेल, तर तिचा पगार नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवतात. घरोघरी हाच बेत आखला जातो, म्हणून मुद्दाम सांगतो.

कंपनी खरी कधी परवडते? नफा घरखर्चापेक्षा खूप जास्त असेल आणि तो धंद्यातच राहणार असेल तेव्हा. नफा १ कोटी, घरी ३० लाख पुरतात, बाकीचे ७० लाख नव्या मशिनसाठी ठेवायचे आहेत असे धरा. एकटा मालक अधिभारासह २९,५१,५२० भरेल. कंपनीत ३० लाख पगार घेतला तर दोन्हींचा कर मिळून २२,३७,५६०. सात लाखांचा फरक दरवर्षी पडतो, आणि तो पैसा कंपनीबाहेर काढायची घाई नसेल तोवर टिकतो. म्हणून नोंदणीआधी गेल्या तीन वर्षांची घरची उचल बेरजेत घ्या आणि ती नफ्यातून वजा करा. बाकी जी राहते तेवढ्याच रकमेबद्दल हा सगळा विचार करायचा आहे.