तेरा मायक्रोसेकंदांची पल्स आणि दीडशे मीटरचा हिशोब

पाठवलेल्या पल्सचा पॅटर्न माहीत असला की नॉइजमध्ये बुडालेला इकोसुद्धा रडारला शोधता येतो, या गोष्टीवर आमच्या बॅचच्या ग्रुपवर आलेला फॉरवर्ड, आहे तसा:

"रडारवाल्यांची पोलखोल!! १) इको नॉइजपेक्षा कमकुवत असेल तर तो गेला, कुठलंही गणित परत आणू शकत नाही. २) पॅटर्न आधीच माहीत असेल तर तो नॉइजमध्येपण 'दिसणारच', ढगात हत्ती दिसतो तसा. ३) लांब पल्स पाठवली की अंतर धूसर होणारच, १३ मायक्रोसेकंद म्हणजे जवळपास २ किलोमीटर, मग १५० मीटरची बारकाई आली कुठून? ४) आणि हे खरं असेल तर पॅटर्न वाढवत नेऊन कितीही लांबचं का दिसत नाही?"

पहिल्या मुद्द्यापासून घेतो. एकेका सॅम्पलपुरतं बोलायचं तर तुमचं बरोबर आहे, एक सॅम्पल बघून त्यात इको आहे की नुसता नॉइज हे देवालाही सांगता येणार नाही. पण रडार एका सॅम्पलवर निकाल देतच नाही. बार्करचा १३ चिन्हांचा कोड घेऊ, १९५३ चा आहे, म्हणजे जुनीच गोष्ट: + + + + + − − + + − + − +. प्रत्येक चिन्ह १ मायक्रोसेकंद चालतं, आणि चिन्ह बदललं की पाठवलेल्या लाटेची फेज उलटी करायची, बस. परत आलेल्या सिग्नलचे सॅम्पल १-१ मायक्रोसेकंदाने घ्यायचे, आपल्याकडचा कोड त्यावर ठेवायचा, जोडीजोडीने गुणायचं आणि बेरीज करायची. मग कोड एक घर पुढे सरकवून परत तेच. कोरिलेशन कोरिलेशन म्हणतात ते एवढंच.

मी कागदावर एक उदाहरण केलं. इकोची उंची १ धरली आणि नॉइजची सरासरी उंचीही १, म्हणजे दोघं तोडीस तोड. खालच्या `r` मध्ये पहिला आणि शेवटचा आकडा नुसता नॉइज आहे, मधल्या तेरांत इको मिसळलाय:

```
c = [1,1,1,1,1,-1,-1,1,1,-1,1,-1,1]
r = [0.6, 1.3,-0.4,1.8,0.4,-0.7,0.2,-1.4,1.9,1.5,0.9,1.6,-1.7,1.1, -0.5]
for k in range(3):
    print(round(sum(a*b for a,b in zip(c, r[k:])), 1))
```

उत्तरं येतात ०.८, १०.५ आणि −१.७. मधल्या तेरांपैकी चार आकड्यांची चिन्हंसुद्धा नॉइजने उलटी करून टाकलीत, मोजून बघा, तरी कोड बरोबर जागी बसला की बेरीज उसळते आणि एक घर इकडेतिकडे झालं की बसते. कारण साधं आहे, बरोबर जागी इकोचे तेराही तुकडे एकाच दिशेने जमा होतात आणि १३ होतात, नॉइजला मात्र आपला कोड माहीत नसतो त्यामुळे त्याचे तुकडे काही अधिक काही उणे होत एकमेकांना खात जातात आणि त्यांची बेरीज साधारण १३ च्या वर्गमुळाएवढीच वाढते, म्हणजे ३.६. सिग्नल तेरापट, नॉइज साडेतीनपट, सगळा खेळ या फरकावर आहे.

आता खरोखर नॉइजखालचा इको घ्या, उंची अर्धी, म्हणजे पॉवर पाव. एका पल्सवर बेरीज साडेसहा आणि नॉइज ३.६, यात काही जमत नाही. पण तीच पल्स ६४ वेळा पाठवून सगळं जोडलं तर ८३२ तुकडे होतात, इकोची बेरीज ४१६ आणि नॉइजची २९ च्या आसपास. चौदापटीहून जास्त. नॉइजमधून काही "परत आणलं" नाही, ऊर्जा आधीपासून तिथेच होती, पसरलेली होती ती गोळा केली.

दुसरा मुद्दा मला त्यातल्या त्यात आवडला, कारण यात खरंच दम आहे आणि रडारवाले स्वतः यात एकदा सणसणीत फसलेत. हिशोब आधी. रडार सेकंदाला १००० पल्स सोडतंय असं धरा, दोन पल्समधल्या १ मिलिसेकंदात १ मायक्रोसेकंदाची १००० घरं, म्हणजे सेकंदाला १० लाख वेळा कोड ठेवून बघितला जातो. नुसत्या नॉइजची बेरीज तिच्या नेहमीच्या आकाराच्या तिप्पट वर जायची शक्यता हजारात साधारण १.३५ असते, त्यामुळे तिप्पटीला "सापडलं" म्हणायचं ठरवलं तर सेकंदाला १३५० भुतं दिसतील. हाच तो ढगातला हत्ती, मान्य. म्हणून रेषा वर न्यायची. पाचपट ठेवली की तीन-चार सेकंदाला एखादं भूत उरतं, आणि तेही पुढच्या पल्सला त्याच घरात दिसत नाही म्हणून गळतं. ढगात हत्ती बघणाऱ्याकडे ही रेषा नसते, रडारकडे असते आणि ती बघायच्या आधी ठरवलेली असते. या कसोटीवर माझे वरचे १०.५ सुद्धा नापास आहेत बरं का, १०.५ भागिले ३.६ म्हणजे २.९ पटच. कागदावर ते छान दिसतात कारण इको कुठे ठेवलाय ते मला माहीत होतं. चौदापटवाले मात्र आरामात पास.

आणि फसले ते असे. फेब्रुवारी १९५८ मध्ये एमआयटीच्या लिंकन लॅबने मिलस्टोन हिलच्या रडारवरून शुक्रावर पल्स सोडल्या, जाऊन-येऊन पाच मिनिटांच्या आसपास लागतात. परत आलेला सिग्नल टेपवर घेतला, कॉम्प्युटरवर वेगवेगळ्या उशिरांना जुळवून बघितला आणि एका जागी उंचवटा मिळाला. १९५९ मध्ये ते छापूनही आलं, त्यावरून सूर्य-पृथ्वी अंतर काढलं गेलं, इंग्लंडमध्ये जॉड्रेल बँक वेधशाळेच्या लोकांनाही त्याच आकड्याच्या जवळ काहीतरी दिसलं! पण लिंकन लॅबने शुक्र पुन्हा जवळ आल्यावर तोच प्रयोग केला तेव्हा त्या जागी काहीच नव्हतं. १९६१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनच्या रडारवरून खणखणीत इको मिळाला तेव्हा कळलं की आधीचं अंतर लाखभर किलोमीटरने चुकलेलं होतं, तो उंचवटा निव्वळ नॉइजचा होता. उंचवटा लहान, शोधायच्या जागा भरपूर आणि कुठे काय असायला हवं याची अपेक्षा मनात, हे तीन एकत्र आले की असंच होतं. चूक पकडली कशी तर पुन्हा मोजून. नॉइजचा उंचवटा दुसऱ्यांदा त्याच घरात येत नाही.

तिसऱ्या मुद्द्यात दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालीय. चिन्हं काढून टाका, १३ मायक्रोसेकंदांची सपाट पल्स घ्या, तेरा वेळा नुसतं +. बरोबर जागी बेरीज १३ च येते, नॉइजवरचा फायदाही तेवढाच, अगदी तंतोतंत तेवढाच. पण एक घर सरकवलं की १२, मग ११, मग १०, असा ऐसपैस डोंगर, त्याचं टोक नॉइजमध्ये कुठे आहे ते कळत नाही आणि जवळजवळची दोन विमानं एकाच डोंगरात गडप. तुमचा २ किलोमीटरचा आकडा या पल्सला लागू आहे, १३ गुणिले १५० म्हणजे १९५० मीटर. बार्कर कोडला एक घर सरकवा, अधिक-उणे कापले जातात आणि बेरीज १३ वरून थेट ० होते, पुढे कुठेही १ च्या वर जात नाही. डोंगराऐवजी सुळका. १ मायक्रोसेकंदात लाट ३०० मीटर जाते, जाऊन-येऊन असल्याने अंतर त्याच्या निम्मं, १५० मीटर, बारकाई आली ती इथून. म्हणजे नॉइजवर मात करते ती पल्सची एकूण ऊर्जा, आणि अंतर बारीक करतात ती मधली उलटीपालटी चिन्हं. मग १ मायक्रोसेकंदाची एकच जबरी पल्स का नाही? तर १० किलोवॅटवर १३ मायक्रोसेकंदांत जेवढी ऊर्जा जाते तेवढी १ मध्ये कोंबायला १३० किलोवॅटचा ट्रान्समीटर लागेल, आणि त्याचं बिल फॉरवर्ड लिहिणारा भरणार नाहीये.

एक खोट मात्र आहे, फॉरवर्डवाल्याच्या नजरेतून सुटली म्हणून मीच सांगतो. सुळक्याच्या दोन्ही बाजूंना ते जे १-१ उरतात ते मोठ्या इकोबरोबर मोठे होतात. जहाजाचा इको शेजारच्या होडीच्या शंभरपट उंच असेल तर जहाजाचं उरलेलं खरकटं १०० भागिले १३, म्हणजे होडीच्या साडेसातपट, होडी गेली बुडाली. इथे नॉइजचा संबंधच नाही, कितीही पल्स जोडा, होडी दिसणार नाही. यावर एक सुंदर तोड आहे, गोले नावाच्या माणसाच्या जोडकोडांची: दोन कोड आळीपाळीने पाठवायचे, एकाचं खरकटं जिथे अधिक तिथे दुसऱ्याचं उणे, बेरीज केली की साफ शून्य. तिरुपतीजवळ गदंकीला वातावरण बघणारं ५३ मेगाहर्ट्झचं रडार आहे, तिथे हेच जोडकोड वापरतात.

आता चौथा. वाढवायला कोणाची ना नाही, पण भाव बघा. अंतर दुप्पट झालं की इकोची पॉवर सोळाव्या हिश्श्यावर येते, जाताना चौथा आणि येताना पुन्हा चौथा. भरपाईला १३ मायक्रोसेकंदांची पल्स २०८ ची करावी लागेल. आणि साध्या रडारला एकच अँटेना असते, ती बोलत असताना ऐकू शकत नाही, त्यामुळे २०८ मायक्रोसेकंद कान बंद म्हणजे पहिले ३१ किलोमीटर आंधळे.

बरं, पल्स तेवढीच ठेवून संख्या वाढवू म्हणाल, जसं वर ६४ केल्या. त्या हिशोबात मी गुपचूप धरलं होतं की टार्गेट जागचं हलत नाही. २५० मीटर प्रति सेकंदाने सरळ येणारं विमान त्या ६४ पल्सच्या ६४ मिलिसेकंदांत १६ मीटर पुढे येतं, १० सेंटीमीटरची लाट असेल तर इकोची फेज तेवढ्यात ३२० पूर्ण चकरा मारते, सरळ बेरीज केली तर सिग्नलच सिग्नलला खातो. मग वेग गृहीत धरून चकरा उलट फिरवायच्या आणि मग जोडायचं, वेग माहीत नाही म्हणून एकामागून एक सगळे वेग लावून बघायचे, आणि प्रत्येक नवा वेग म्हणजे भुतांना आणखी एक संधी, म्हणजे ती पाचपटीची रेषा आणखी वर. ६४ मिलिसेकंदांत दोन वेगांमधलं घर साधारण ०.८ मीटर प्रति सेकंद एवढं अरुंद होतं. लढाऊ विमानाने त्याच वेळात रडारच्या दिशेने ३ जीचं, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तिप्पट जोराचं वळण घेतलं तर त्याचा वेग जवळपास २ मीटर प्रति सेकंदाने बदलतो, म्हणजे दोनहून जास्त घरं ओलांडतो, आणि सुळका पसरून पुन्हा नॉइजमध्ये जातो. तिथे १२८ पल्स करून उपयोग नाही, ३२ कराव्या लागतात.