बंबावरच्या गप्पा : एका प्रतिक्रियेला उत्तर

> "मूळ परिच्छेदात आक्काचं दुःख थेट पोचत होतं. तुम्ही सुधारून दिलेल्या संवादात दोन माणसं बंबावर गप्पा मारतायत, एवढंच कळतं. आमच्याकडे बायका मनातलं तोंडावर बोलतात, रडतात. हा मोजूनमापून बोलायचा शहरी नखरा सगळ्यांच्या गळ्यात मारू नका. आणि हक्कसोडपत्र तहसील कचेरीत होत नाही, एवढं तरी बघायचं. लिहायला शिकवायला निघालेल्या माणसाला हे माहीत नसावं?"

नमस्कार.

संवाद लिहिण्याबद्दलच्या माझ्या लेखाखाली ही प्रतिक्रिया आली. शेवटापासून सुरुवात करतो. हक्कसोडपत्राची नोंदणी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात होते. माझी चूक, लेखात दुरुस्त केली आहे, आभार. पण हीच गोष्ट शेवटचं ते वाक्य न जोडताही सांगता आली असती. चूक दाखवणं आणि चूक सापडल्याचा आनंद साजरा करणं यात फरक आहे, आणि तो तुम्हाला कळत नसेल असं वाटत नाही.

आता "बंबावर गप्पा". पूर्ण लेख न वाचता खाली आलेल्यांसाठी दोन्ही उतारे पुन्हा देतो. प्रसंग असा की वडील गेल्यावर थोरली बहीण माहेरच्या घरावरचा हक्क धाकट्या भावाच्या नावे सोडायला आली आहे. मूळ मजकूर :

"बाळू, मला फार वाईट वाटतंय रे. या घरात आता माझं काहीच उरलं नाही. परकी झाले मी."
"असं नको म्हणूस आक्का. मलाही अपराध्यासारखं वाटतंय."

आणि माझा :

"बंब पेटवता का रे अजून?"
"कुठला! गिझर बसवला गेल्या वर्षी. बंब माळ्यावर टाकलाय."
"तोटी गळायची त्याची. आईनं चिंधी गुंडाळलेली."
"नेतेस का? तांब्याचा आहे. नेऊन ठेव."
"फ्लॅटात कुठं ठेवू."
थोड्या वेळानं तिनं विचारलं, "सही कुठं करायची?"

तुम्हाला इथे फक्त बंब दिसला. बाळू काय करतोय ते बघा ना! घर घेतो आहे आणि बंब देऊ करतो आहे. "तांब्याचा आहे" ही त्याची पुस्ती आहे, कोणी विचारलेलं नसताना. ज्याला अपराधी वाटतं तो माणूस मोल सांगत बसतो. मूळ उताऱ्यात तो "अपराध्यासारखं वाटतंय" म्हणून मोकळा होतो, वाचकानंही त्याला माफ करून टाकायचं. इथे त्याची सुटका होत नाही. आणि आक्का नाही म्हणते तेही बंबाला. "नको" असं म्हणतसुद्धा नाही, जागेची अडचण सांगते. तिच्याकडे आता ठेवायला जागा नाही, हे वाक्य फ्लॅटबद्दल आहे आणि घराबद्दलही. ते मी लिहिलं असतं तर मेलं असतं.

शेवटचा प्रश्न तुम्हाला दुबळा वाटला असेल. महाराष्ट्रात 1994 पासून आणि देशभर 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. म्हणून तर तिची सही लागते. ती न करता उठून जाऊ शकते, हे बाळूला माहीत आहे, म्हणून तो बंबाबद्दल इतकं बोलतो. "सही कुठं करायची?" म्हणून त्याला त्या ओशाळेपणातून सोडवते तीच. रडून दाखवणारी आक्का हे करू शकत नाही. तिला मग भावाकडून समजूत घालून घ्यावी लागते.

बंब हाती लागायच्या आधीचे दोन खर्डेही सांगतो, म्हणजे हा नखरा किती वेळ चालला ते कळेल. पहिल्यात आक्का विचारत होती, "तुळशीला पाणी कोण घालतं रे?" काढून टाकलं. तुळस, उंबरठा, झोपाळा या वस्तू स्वतःची रड घेऊनच येतात. पात्राच्या आधी वाचकाचे डोळे भरतात आणि पात्राला काही करायचं उरत नाही. बंबावर कोणी गाणं लिहिलेलं नाही, म्हणून तो चालला. दुसऱ्या खर्ड्यात शेवटच्या प्रश्नापुढे "ती कोरड्या आवाजात म्हणाली" असं होतं. म्हणजे भावना पुढच्या दारानं हाकलली आणि मागच्या दारानं घरात घेतली. "कोरड्या आवाजात" खोडल्यावर प्रश्न खरोखर कोरडा झाला.

एक मात्र मानतो. या सहा ओळी सुट्या वाचल्या तर बंबावरच्या गप्पाच आहेत. न बोललेलं कळायला वाचकाला काहीतरी आधीच माहीत असावं लागतं. कथेत दोन पानं आधी ती सहीसाठी आली आहे हे सरळ सांगितलं आहे, आणि लहानपणी दिवाळीच्या पहाटे बंब पेटवायचं काम तिचं होतं, हेही एका ओळीत, कुठलाही गहिवर न घालता येऊन गेलं आहे. ते पान लेखात दिलं नव्हतं. पण लेखात "कथेतला उतारा" असं लिहिलं होतं, आणि उतारा म्हणजे काय हे वाचकाला सांगावं लागेल असं मला वाटलं नव्हतं.

"शहरी" या शब्दाबद्दल. मी वाढलो ते घर तालुक्यापासून सतरा किलोमीटरवर होतं आणि एसटी दिवसातून दोनदा यायची. शहर मला अठराव्या वर्षी दिसलं. माझ्या आत्यानं अशाच कागदावर अंगठा दिला तेव्हा मी शेजारी उभा होतो. ती कचेरीत एक अक्षर बोलली नाही. बाहेर आल्यावर शाई पदराला पुसली आणि वडिलांना म्हणाली, "उसाला पाणी आलं का?" तिला कोणी कार्यशाळेत शिकवलं नव्हतं. घरी येऊन ती रात्रभर मोठमोठ्यानं रडली, आईला नाही नाही ते बोलली, हेही खरं आहे. पण तो वेगळा प्रसंग.

आणि भाषेचंच घ्या. आपल्याकडे माहेराहून निघणारी बाई "जाते" म्हणत नाही, "येते" म्हणते. माझ्या कथेच्या शेवटी आक्का चपला घालताना "निघते" म्हणते आणि वहिनी घाईघाईनं म्हणते, "अहो, येते म्हणा." आक्का हसते, पण म्हणत नाही. हे कळायला कुठल्या शहरात राहावं लागतं ते कृपया सांगा.

तोंडावर बोलणाऱ्या बायकांना माझा विरोध नाही. भांडणाच्या प्रसंगात, जिथे नातं तोडायलाच कोणी उभं आहे, तिथे आडून बोलणारं पात्र खोटं वाटतं. तिथे मीही सरळ लिहितो. जात्यावरच्या ओव्यांत माहेराबद्दल किती उघड बोललं आहे, हे तुम्ही पुढे केलं असतं तर मला उत्तर द्यायला जड गेलं असतं. तुम्ही नखरा म्हणालात, त्यामुळे माझं काम सोपं झालं.

आधीचं ते पान आता लेखात वर जोडलं आहे. वाचून पुन्हा लिहायचं असेल तर लिहा. आत्याची रात्र त्यात नाही. ती मला अजून लिहिता आलेली नाही.