गोबरगॅसच्या विटांबद्दलच्या तक्रारीला दुकानाचे उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय (एक तारा): "दोन घनमीटरच्या गोबरगॅससाठी विटा, सिमेंट, रेती सगळं इथूनच नेलं. संध्याकाळी चूल छान पेटते, पण सकाळी घुमटात गॅसच नसतो. गवंडी म्हणतो विटा कच्च्या आहेत. पैसे पाण्यात गेले, कुणी इथून माल घेऊ नका."

नमस्कार दादा. एवढा खर्च करून सकाळचा चहासुद्धा गॅसवर होत नसेल तर राग येणारच.

आधी विटांचं बघू. उरलेल्यांपैकी पाचसहा विटा उन्हात चांगल्या वाळवा, वजन करा, चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवा आणि पुसून पुन्हा वजन करा. तीन किलोच्या विटेचं वजन सहाशे ग्रॅमपेक्षा जास्त वाढलं, तर वीट कच्ची आहे असं मी स्वतः मान्य करीन आणि सगळ्या विटांचे पैसे परत देईन. विटा दुकानात आणा, माझ्यासमोर वजन करू.

पण विटा पक्क्या निघाल्या तरी तुमचा प्रश्न सुटणार नाही, कारण घुमटात गॅस वीट धरत नाही. कितीही भाजलेली वीट असली तरी तिच्यातून आणि सांध्यांतून गॅस जातो. गॅस धरतो तो आतला गिलावा. घराच्या भिंतीला आपण एकास सहा माल चालवतो, इथे एकास तीन लागतो. मुख्य म्हणजे गॅस साठतो तेवढा भाग एकाच दिवशी, मध्ये जोड न ठेवता गिलावून घोटायचा असतो. अर्धा आज, अर्धा उद्या केला की त्या जोडावर केसाएवढी भेग राहते आणि रात्रभर गॅस तिथूनच जातो. विटा न भिजवता लावल्या तर त्या मालातलं पाणी ओढून घेतात आणि गिलावा पोकळ वाजतो. रेतीचंही तसंच. आम्ही नदीची रेती दिली होती. कमी पडली म्हणून कुणी खाडीची मिसळली असेल, तर मिठामुळे गिलाव्यावर पांढरं फूल येऊन पापुद्रे सुटतात. गवंड्याला हे नीट विचारा.

गळती कुठे आहे ते घुमट न उघडताही कळतं. संध्याकाळचा स्वयंपाक झाला की घुमटावरचा मुख्य कॉक बंद करा. आउटलेटच्या टाकीत स्लरी जिथे आहे तिथे भिंतीवर कोळशाने रेघ मारा. सकाळपर्यंत शेण घालू नका, नाहीतर त्यानेच पातळी वाढेल. आत गॅस साठतो तसा तो स्लरी खाली दाबतो आणि ती आउटलेटमध्ये चढते. सकाळी ती रेघेच्या बरीच वर आली असेल आणि कॉक उघडल्यावर चूल पेटली, तर घुमट चांगला आहे, गळती घराकडे येणाऱ्या पाइपात आहे. जवळजवळ चढलीच नसेल, तर गळती अगदी माथ्यावर आहे. बहुतेक वेळा ती गॅसचा पाइप घुमटातून बाहेर येतो तिथे सापडते. त्याच्याभोवतीची माती बाजूला करून साबणाचा फेस लावा, बुडबुडे दिसतील. काडी ओढून बघू नका. आणि दोनतीन रात्री स्लरी एकाच उंचीपर्यंत चढून थांबत असेल, तर भेग घुमटाच्या बाजूला, खालच्या अंगाला आहे. गॅस तिथपर्यंत दाबत गेला की बाहेर पडायला लागतो.

पाइपाची गळती असेल तर काम तासाभराचं आहे. घुमटाची असेल तर दिवाळीपर्यंत थांबा, ही माझी कळकळीची विनंती. आपल्याकडे पावसानंतरही जमिनीतलं पाणी वर असतं. अशा वेळी टाकी रिकामी केली तर बाहेरचं पाणी तळाला आणि भिंतीला दाबतं, आणि आज नुसता गळणारा गोबरगॅस उद्या तडकतो. विहिरीचं पाणी उतरल्यावरच शेण उपसा. इनलेट, आउटलेट काही दिवस उघडे ठेवा, आत हवा जाऊ द्या. एकट्याने कधीही उतरू नका. कमरेला दोर, वर दोन माणसं, आणि विडी-काडी दूर.

मग सुटलेला गिलावा खरवडून काढायचा, पृष्ठभाग ओला करून सिमेंटचं पाणी मारायचं, त्यावर एकास तीनचा अर्धा इंच गिलावा, वर पातळ दुसरा हात आणि शेवटी निव्वळ सिमेंटची घोटाई. हे सगळं एका दिवसात. पुढे किमान दहा दिवस ओलं ठेवायचं आणि सुकल्यावर काळ्या ऑइल पेंटचे दोन हात द्यायचे. पुन्हा भरल्यावर तीच कोळशाची रेघ मारून बघायची.

रेघेचा निकाल काय लागला ते इथेच कळवा किंवा दुकानात या. गवंड्यालाही सोबत आणा, त्याच्याशी वाद घालायचा नाही, त्याला काम दाखवून द्यायचं आहे. घुमटाचं काम करणारा दुसरा गवंडी हवा असेल तर तोही मिळवून देतो. विटांच्या वजनाचं मी म्हटलेलं आहेच, उरलेल्या विटा तेवढ्या फेकू नका.