राखाडी चौकोन आणि एकाच दिवसाचे दोन रंग : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "डॅशबोर्ड दिसायला बरा आहे पण भरवसा कसा ठेवायचा? नेमका धूर वाढला की चौकोन राखाडी होतात, निदान शेवटचं रीडिंग तरी दाखवत राहा ना. आणि एप्रिल २०२४ चे जे दिवस त्या त्या दिवसाच्या पानावर हिरवे आहेत तेच ट्रेंडच्या चार्टवर पिवळे दिसतात. दोन्हीतलं एक खोटं असणार. जुना डेटा मागाहून बदलत असाल तर तसं लिहा तरी."

नमस्कार, तिरकस असली तरी प्रतिक्रिया मुद्द्याची आहे, आणि दोन ओळीत उरकण्यासारखी नाही म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

नवीन वाचणाऱ्यांसाठी, हा माझा हवेच्या प्रदूषणाचा डॅशबोर्ड, त्यावरच्या चौकोनाचा रंग चांगल्या हवेकडून वाईटाकडे हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल, जांभळा असा बदलतो, आणि पुरेसा डेटा नसेल तर चौकोन राखाडी. आधी राखाडी चौकोन. धूर वाढला की चौकोन राखाडी होतात हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे आणि तो योगायोग पण नाही, स्वस्तातले लेझरवाले सेन्सर धूळ बसून गंडतात, पंखा अडकतो, वादळात लाइट जाते, म्हणजे डेटा जातो तो बऱ्याचदा नेमका हवा बिघडलेली असतानाच. म्हणूनच शेवटचं रीडिंग पुढे ओढत न्यायला माझा विरोध आहे. एक उदाहरण घेऊ. समजा पीएम २.५ चं, म्हणजे हवेतल्या अगदी बारीक कणांचं, संध्याकाळी ६ चं रीडिंग ३८ आलं, मग सेन्सर बंद पडला, ७ आणि ८ ला काहीच नाही, ९ ला परत चालू झाला आणि ९६ दाखवले, १० ला ८८. शेवटचं रीडिंग धरून ठेवलं असतं तर ७ आणि ८ ला पण ३८ च्या हिशोबाने चौकोन नारिंगी राहिला असता, आणि त्या दोन तासात कधीतरी हवा लाल पट्ट्यात गेली असण्याची दाट शक्यता आहे. नारिंगी बघून माणूस म्हणणार चला, एक फेरी मारून येऊ. राखाडी बघून निदान खिडकीतून बाहेर तरी बघेल. बरेच जण दुसरा उपाय सुचवतात की ३८ आणि ९६ च्या मधे सरळ रेघ मारून टाका, पण ८ वाजता तुमच्याकडे ९६ असतातच कुठे, ती रेघ ९ नंतरच मारता येते, म्हणजे चालू तासाला तिचा काही उपयोग नाही आणि नंतर मारली तर जे मोजलंच नाही ते मोजल्यासारखं दिसतं. तुम्हाला हवं ते शेवटचं रीडिंग लपवलेलं नाहीये, राखाडी चौकोनावर टॅप केलं की "शेवटचं रीडिंग ३८, सायंकाळी ६" असं वेळेसकट येतं, फक्त त्याला रंग दिलेला नाही.

आता तुम्ही म्हणाल ९ ला रीडिंग आलं तरी चौकोन राखाडीच का. कारण रंग एका तासाच्या रीडिंगवर नाही, नाऊकास्टवर ठरतो. अमेरिकेची सरकारी पर्यावरण संस्था ईपीए, तिची ही पद्धत, शेवटचे १२ तास घ्यायचे आणि ताज्या तासाला जास्त वजन द्यायचं, ते वजन किती हे त्या १२ तासातल्या सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त रीडिंगच्या भागाकारावरून ठरतं पण ०.५ च्या खाली जाऊ द्यायचं नाही. आणि अट अशी की शेवटच्या तीन तासांपैकी किमान दोन तासांचा डेटा पाहिजे. ९ वाजता तीनातला एकच होता, म्हणून राखाडी. १० वाजता दोन झाले, रंग आला.

त्या १० वाजताचं गणित करून बघू, कारण इथे बहुतेक घरगुती डॅशबोर्ड घसरतात. ५ ला ३६, ४ ला ३४, ३ ला ३४ आणि त्याआधीचे सगळे तास ३३ धरा. ३३ भागिले ९६ म्हणजे साधारण ०.३४, ते ०.५ पेक्षा कमी म्हणून वजन ०.५. म्हणजे १० च्या ८८ ला वजन १, ९ च्या ९६ ला ०.५, आणि ६ च्या ३८ ला? चार तास जुनं आहे म्हणून ०.५ चा चौथा घात, ०.०६२५. ८ आणि ७ हे तास वरच्या आणि खालच्या दोन्ही बेरजेतून गळतात पण त्यांची जागा रिकामी राहते, मागचे तास पुढे सरकत नाहीत. सगळं जमवलं की उत्तर येतं साधारण ८६.५. आता हेच कोणी आधी `dropna()` मारून रिकामे तास उडवले आणि उरलेल्या रीडिंगना ओळीने ०, १, २ असे क्रमांक दिले तर ६ चं रीडिंग दोनच तास जुनं असल्यासारखं होतं, त्याला ०.२५ वजन मिळतं आणि उत्तर येतं साधारण ७७. धुराच्या रात्री नऊ-साडेनऊ मायक्रोग्रॅम हवेतून गायब! दोन्ही आकडे लालच्याच पट्ट्यात बसतात म्हणून कोणाच्या लक्षात पण येत नाही. तुमचा स्वतःचा काही सेटअप असेल तर हे आधी तपासा, बरोबर गणितात मधे दोन तास रिकामे ठेवले तरी बाकीच्या तासांची वजनं हलत नाहीत.

एक अजून वैतागाचा प्रकार म्हणजे सेन्सर मेलेला असतो पण बोलत राहतो. दशांशासकट तोच आकडा तासन्‌तास, ४१.३, ४१.३, ४१.३... खऱ्या हवेत असं होत नाही, म्हणून तसे तास पण मी राखाडी करतो. आणि तासातल्या ६० पैकी ४५ मिनिटांपेक्षा कमी डेटा असेल तर तो तासच धरत नाही, हा ७५ टक्क्यांचा नियम या क्षेत्रात बऱ्याच ठिकाणी वापरतात.

जुना डेटा बदलतो का? हो, एका बाबतीत बदलतो. सेन्सर चालू पण नेट बंद असेल तर रीडिंग त्याच्या मेमरीत साठतात आणि नंतर एकदम येतात, मग राखाडी चौकोन भरतात, आणि नाऊकास्ट १२ तासांचा असल्याने त्या उशिरा आलेल्या तासाच्या पुढच्या अकरा तासांचे आकडे पण थोडे हलतात. म्हणून त्या वेळी स्क्रीनवर काय दाखवलं होतं ते वेगळं साठवलंय, ते कधीच बदलत नाही.

आता हिरवे-पिवळे. दोन्ही खरे आहेत. ईपीएने पीएम २.५ चे पट्टे बदलले, ६ मे २०२४ पासून. आधी ० ते १२.० हिरवा होता तो ९.० पर्यंत आणला. पिवळ्याची आणि नारिंगीची वरची टोकं, ३५.४ आणि ५५.४, जिथल्या तिथे. लाल आधी १५०.४ पर्यंत जायचा तो १२५.४ ला संपवला, आणि सगळ्यात वरचा पट्टा २५०.५ ऐवजी २२५.५ पासून सुरू केला. म्हणजे एप्रिलमधला एखादा दिवस २४ तासांच्या सरासरीने १०.४ असेल तर जुन्या तक्त्याने त्याचा एक्यूआय, म्हणजे हवेचा निर्देशांक, ४३, हिरवा, आणि नव्या तक्त्याने ५३, पिवळा. १४० वाला दिवस जुन्याने १९५, लाल, आणि नव्याने २१५, जांभळा. २० वाला दिवस दोन्हीकडे पिवळाच पण ६८ चा ७१ होतो. हवा तीच, पासिंगचे मार्क ३५ वरून ४० केल्यासारखं आहे, पोराचा पेपर काही बदलला नाही.

त्या दिवसाच्या पानावर मी त्या दिवशी लागू असलेला तक्ता वापरतो कारण त्या दिवशी लोकांना तेच सांगितलं गेलं, "आज हवा चांगली" वाचून कोणी मुलांना मैदानावर सोडलं असेल तर त्याची नोंद आज पिवळी करून टाकणं मला पटत नाही. ट्रेंडच्या चार्टवर मात्र सगळ्या वर्षांना आजचाच तक्ता लावलाय, नाहीतर मे २०२४ च्या आधी हिरवे दिवस भरपूर आणि नंतर एकदम कमी असा कडा तुटल्यासारखा चार्ट येतो आणि लोक विचारतात तेव्हा नवीन कारखाना निघाला का. हे करता येतं कारण डेटाबेसमध्ये मी रंग साठवतच नाही, फक्त आकडा, आणि पट्टे वेगळ्या टेबलमध्ये तारखेसकट:

```sql
SELECT r.hour_utc, r.nowcast, b.category
FROM readings r
LEFT JOIN bands b
  ON r.nowcast >= b.lo
 AND (b.hi IS NULL OR r.nowcast < b.hi)
 AND r.hour_utc >= b.valid_from
 AND (b.valid_to IS NULL OR r.hour_utc < b.valid_to);
```

ट्रेंडसाठी शेवटच्या दोन ओळींमधल्या `r.hour_utc` च्या जागी आजची तारीख टाकली की झालं. `LEFT JOIN` मुद्दाम आहे, साधा `JOIN` लावला तर रिकामे तास निकालातून गायब होतात आणि चार्टची रेघ खड्ड्यावरून सरळ उडी मारून पलीकडे जाते, बघणाऱ्याला खड्डा होता हे कळत पण नाही. आणि `hi` मध्ये ९.० नाही ९.१ ठेवलाय आणि तुलना "पेक्षा कमी" अशी, कारण छापील तक्त्यात ९.० नंतर थेट ९.१ आहे आणि हिशोबात ९.०५ आला तर तो कुठल्याच पट्ट्यात बसत नाही. ईपीएचा नियम पण एका दशांशापुढचं छाटून टाका असाच आहे, राउंड नाही करायचं.

हे दोन्ही मुद्दे जिथे एकत्र येतात ती जागा मला जास्त खटकते, "महिन्यातले चांगले दिवस". समजा ३० दिवसांपैकी ६ दिवस डेटा अपुरा, उरलेल्या २४ पैकी १२ हिरवे. लिहायचं काय, ५० टक्के? राखाडी दिवस जर खराब हवेतच जास्त पडत असतील तर ५० हा आकडा गोड आहे. म्हणून मी ५० च्या खाली "४० ते ६० च्या मधे" असं लिहितो, सहाच्या सहा वाईट निघाले तर ४०, सहाच्या सहा चांगले निघाले तर ६०. हे लोकांना आवडत नाही, एकच आकडा द्या म्हणतात, पण सहा दिवसांचं मला जे माहीतच नाही ते मी कुठून आणू.

दिवसाच्या पानावर कुठला तक्ता लावलाय ते तळाला बारीक अक्षरात होतं, ते आता रंगाच्या शेजारीच आणतो, म्हणजे "हिरवा (जुना तक्ता)" असं दिसेल. CSV डाउनलोड केलंत तर `rule_version` आणि `shown_at_time` असे दोन कॉलम आहेत, एप्रिल २०२४ ची फाइल घेऊन ९.१ ते १२.० मधले दिवस फिल्टर करा, तुम्हाला दिसलेले हिरव्याचे पिवळे झालेले दिवस तेवढेच निघायला हवेत. त्याबाहेरचा एखादा दिवस सापडला तर तारीख आणि सेन्सरचा नंबर इथेच लिहा, बघतो.