लिंबाचा रस, 0.2 मिली आणि माझी चूक: एका प्रतिक्रियेला उत्तर

«सर, लिंबाच्या रसावरचा लेख वाचला. सहाच्या सहा गटांना दुसऱ्या दिवशी आयोडीन कमी लागलं, सरासरी 0.2 मिलीने खाली आली, आणि तरी तुम्ही लिहिता 'फरक आहे असं म्हणता येत नाही'. डोळ्यांना दिसतंय ते स्टँडर्ड डेव्हिएशनच्या आड लपून नाकारायचं, याला विज्ञान म्हणायचं का? एवढीच शंका होती तर प्रत्येक गटाला तीन-तीन रीडिंग घ्यायला लावायची. अठरा आकडे झाले असते.»

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया वाचून आधी राग आला, मग प्रॅक्टिकलची वही काढली, आणि मग गप्प बसलो. निष्कर्ष माझाच चुकला होता. मात्र तुम्ही दिलेल्या कारणासाठी नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आकडे. प्रश्न असा होता की लिंबाच्या रसातलं क जीवनसत्त्व रात्रभरात कमी होतं का; ते जितकं कमी, तितकं आयोडीन कमी लागतं. प्रत्येक गटाने स्वतःची लिंबं पिळली, रस गाळून दोन भाग केले. एका भागातले 20 मिली लगेच, दुसऱ्यातले 20 मिली रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी, स्टार्च घालून आयोडीनने टायट्रेट केले. निळा-काळा रंग टिकला की ब्युरेट बंद. ताज्या रसाला लागलेलं आयोडीन, गटांच्या क्रमाने: 6.9, 7.2, 6.7, 7.4, 6.8, 7.0 मिली. ठेवलेल्या रसाला: 6.7, 7.0, 6.5, 7.1, 6.6, 6.9.

सरासरी 7.0 आणि 6.8. प्रमाण विचलन, म्हणजे आकडे आपल्या सरासरीभोवती साधारण किती पसरलेत ते, 0.26 आणि 0.24. लेखात मी इथून पुढे साधी टी-चाचणी लावली. तिचा हिशोब असा की सरासऱ्यांमधला फरक त्या फरकातल्या अनिश्चिततेच्या किती पट आहे ते पाहायचं. अनिश्चितता काढायला दोन्ही विचलनांचे वर्ग करून प्रत्येकाला 6 ने भागायचं, बेरीज करायची आणि वर्गमूळ घ्यायचं. ते आलं 0.144.

```
t = 0.2 / 0.144 = 1.39
```

फरक नुसता योगायोगाचा नाही असं म्हणायला t किमान किती हवा ते तक्त्यात असतं: 10 स्वातंत्र्यमात्रांना, म्हणजे बारा आकड्यांतून दोन सरासऱ्या वजा करून, 5 टक्के पातळीवर 2.228. 1.39 त्याच्या बराच खाली. म्हणून मी 'म्हणता येत नाही' असं लिहून मोकळा झालो.

आता चूक कुठे झाली ते. ही चाचणी असं धरून चालते की ताज्या रसाचे सहा नमुने आणि ठेवलेल्या रसाचे सहा नमुने यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण आपल्याकडे चौथ्या गटाचे 7.4 आणि 7.1 हे एकाच भांड्यातल्या रसाचे होते. त्या गटाला चांगली लिंबं मिळाली, म्हणून त्यांचे दोन्ही आकडे मोठे. तिसऱ्या गटाची लिंबं बेतास बात, त्यांचे दोन्ही लहान. 0.26 च्या विचलनात बहुतेक वाटा या लिंबा-लिंबांतल्या फरकाचा आहे, आणि आपला प्रश्न लिंबांचा नव्हताच. आपल्याला रात्रीत काय घडलं ते हवं होतं.

मग प्रत्येक गटाचा फरक काढा: 0.2, 0.2, 0.2, 0.3, 0.2, 0.1. सरासरी तीच, 0.2. पण या फरकांचं विचलन फक्त 0.063. त्याला 6 च्या वर्गमुळाने भागलं की 0.026.

```
t = 0.2 / 0.0258 = 7.75
```

इथे जोड्या सहा, म्हणून स्वातंत्र्यमात्रा 5 आणि तक्त्यातला आकडा 2.571. आपण त्याच्या कितीतरी वर आहोत. आकडे तेच, सरासरी तीच, जोड्या मोडल्या तर 1.39 आणि राखल्या तर 7.75. एक्सेलमध्ये हे सगळं शेवटच्या एका अंकावर ठरतं:

```
=T.TEST(A2:A7,B2:B7,2,2)
=T.TEST(A2:A7,B2:B7,2,1)
```

उत्तर म्हणजे मुळात फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता: पहिल्या ओळीचं सुमारे 0.19, दुसरीचं 0.001 पेक्षाही कमी. मी सवयीने 2 टाकला होता. जोड्यांसाठी 1 हवा होता. (गंमत म्हणजे डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या गॉसेटने 'स्टुडंट' या टोपणनावाने 1908 मध्ये ज्या लेखात ही पद्धत मांडली, त्यातलं झोपेच्या औषधांचं उदाहरण जोड्यांचंच आहे. तेच 10 रुग्ण, दोन औषधं.)

'सहाच्या सहा' हे तुमचं निरीक्षण मात्र पक्कं आहे. नाणं सहा वेळा उडवून सहाही वेळा एकच बाजू पडण्याची शक्यता 32 मध्ये 1. तुमच्या नजरेने जोड्या पाहिल्या, मी पाहिल्या नाहीत. पण 'सरासरी 0.2 ने खाली आली' एवढं एकटं पुरत नाही. सहा गटांनी वेगवेगळी लिंबं आणून एक दिवस ताजा रस आणि दुसऱ्या दिवशी भलत्याच लिंबांचा ठेवलेला रस तपासला असता, तर हाच 0.2 चा फरक कुणाच्या पिशवीत रसरशीत लिंबं आली यावरही पडू शकला असता. तेव्हा 1.39 हेच प्रामाणिक उत्तर ठरलं असतं.

अठरा आकड्यांची सूचना मात्र मान्य नाही. एकाच भांड्यातला रस तीनदा टायट्रेट केला तर आपला हात किती स्थिर आहे ते कळतं, नवी लिंबं येत नाहीत. ते अठरा स्वतंत्र आकडे म्हणून चाचणीत घातले तर अनिश्चितता उगाच लहान होते आणि नसलेला फरकही 'सिद्ध' होतो. तीन रीडिंग जरूर घ्यावीत, पण त्यांची सरासरी काढून गटाचा एकच आकडा धरावा. नमुने वाढवायचे तर गट वाढवायचे.

आणि 7.75 पाहून मीही लगेच निश्चिंत झालो नाही. फरक खरा आहे एवढंच चाचणी सांगते, तो कशामुळे पडला हे सांगत नाही. ताजा रस सोमवारी, ठेवलेला मंगळवारी. मंगळवारचं आयोडीनचं द्रावण नव्याने बनवलं होतं. ते किंचित तीव्र झालं असेल तर ते कमी लागणारच, रसातलं क जीवनसत्त्व जसंच्या तसं असलं तरी. सहाही गटांनी एकाच बाटलीतलं द्रावण वापरलं, त्यामुळे चूक सगळ्यांकडे सारखी आली असती आणि विचलनात तिचा मागमूसही दिसला नसता. दोन्ही दिवशी ठरावीक वजनाचं शुद्ध अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल टायट्रेट करून घेतलं असतं तर हे कळलं असतं. आम्ही ते केलं नाही.

दुसरी शंका जास्त खटकते. सहापैकी चार फरक नेमके 0.2? ब्युरेटवर 0.1 च्या रेघा, दोन रेघांमधलं कुणी वाचलंच नाही, आणि मंगळवारी मुलांसमोर वहीत सोमवारचं रीडिंग उघडं होतं. 'थोडं कमी यायला हवं' हे डोक्यात असेल तर रंग टिकला की नाही हे ठरवताना एक-दोन थेंब इकडचे तिकडे सहज होतात.

द्रावण 0.005 मोलर धरलं, तर 0.2 मिली म्हणजे 100 मिली रसात जेमतेम 0.9 मिलिग्रॅम. साधारण 31 चे 30 झाले.

लेखातला तो परिच्छेद बदलला आहे, जुना खोडून खाली ठेवला आहे. पुढच्या बॅचला दोन्ही दिवशी द्रावण तपासून घेतो, फ्लास्कवर फक्त क्रमांक घालतो, वह्या बंद ठेवतो आणि रीडिंग 0.05 पर्यंत घ्यायला सांगतो. आकडे आले की इथेच टाकीन.